खरवड आधी, थेंब नंतर: बुबुळावरच्या व्रणाचे पहिले ४८ तास

विसर्जनाची मिरवणूक पाहून पहाटे पाचच्या सुमारास वाकडला परतलेली एक सव्वीस वर्षांची मुलगी डोळ्यांतल्या कॉन्टॅक्ट लेन्स न काढताच झोपी गेली. (तिची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील मी बदलले आहेत.) रात्री लक्ष्मी रस्त्यावर उजव्या डोळ्यात गुलाल गेला होता, तेव्हा तिने मैत्रिणीच्या घरी ती लेन्स काढून नळाच्या पाण्याने धुतली आणि परत बसवली होती. दुपारी बारा वाजता जाग आली तेव्हा डोळा लाल होता, खुपत होता आणि उजेड सहन होत नव्हता. तिने लेन्स काढून डबीत ठेवली आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली, तिथे ‘डोळे आलेत’ असे सांगून तिला एक ड्रॉप देण्यात आला. दुसऱ्या दिवशी लाली थोडी ओसरल्यासारखी वाटली. त्या रात्री तीन वाजता मात्र ठणक्याने तिची झोप मोडली आणि सकाळी आरशात पाहिले, तर काळ्या बुबुळावर एक पिवळट पांढरा ठिपका दिसत होता. ती माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा डोळा खुपायला लागल्याला साधारण ४६ तास झाले होते.

पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्याला ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणत आलो, त्याची सुरुवात अनेकदा अशाच ठिपक्याने होते. फूल म्हणजे भरून आलेल्या व्रणाचा वण होय, आणि त्याआधीचा जिवंत, वाढणारा टप्पा म्हणजे जिवाणूंमुळे कॉर्नियाला झालेला संसर्ग, ज्याला बॅक्टेरियल केराटायटिस किंवा रोजच्या बोलण्यात कॉर्नियल अल्सर म्हणतात. ‘डोळे येणे’ आणि हा व्रण यांत बाहेरून दिसणारी लाली सारखी असली तरी आजार निराळे आहेत. डोळे येतात तेव्हा पांढऱ्या भागावरचे आवरण सुजते, चिपडे येतात, बहुधा दोन्ही डोळे लाल होतात, पण चिपडे पुसली की नजर स्वच्छ असते. कॉर्नियाच्या व्रणात बहुधा एकच डोळा लाल होतो, तो नुसता चुरचुरत नाही तर दुखतो, उजेडाकडे पाहवत नाही आणि पुसूनही नजर धूसरच राहते. लेन्स वापरणाऱ्या व्यक्तीचा एक डोळा लाल होऊन दुखू लागला, तर तपासणीत उलट सिद्ध होईपर्यंत तो व्रणच समजावा, असा माझा नियम आहे.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. मध्यभागी तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती पारदर्शक राहते, आणि नेमक्या त्याच कारणाने संसर्ग झाल्यावर ती अडचणीत येते, कारण जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे पोहोचायला उशीर लागतो आणि गोळ्यांमधून रक्तात गेलेले औषध तिथवर पुरेसे जातच नाही. तिचे खरे संरक्षण म्हणजे वरचा पेशींचा पातळ थर, धुऊन काढणारे अश्रू आणि पापणीची उघडझाप. हा वरचा थर शाबूत असेल तर बहुतेक जिवाणूंना आत शिरता येत नाही. बाळाचे नख, उसाचे पाते, ग्राइंडरवरून उडालेला लोखंडाचा कण यांपैकी कशानेही त्या थरावर ओरखडा उठला की तेवढ्यापुरते दार उघडते.

ते दार किती वेळ उघडे राहिले याला किती महत्त्व आहे, हे नेपाळमधल्या भक्तपूर येथे झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. कॉर्नियावर ओरखडा उठलेल्या ४४२ जणांना तिथे क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस घालण्यात आले. इजेनंतर १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना झाला, आणि २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी मात्र १४ जणांना. मलम तेच, डोस तोच, बदलले ते फक्त तास. ओरखडा आहे पण व्रण अजून नाही, या टप्प्यावर इतके साधे औषध पुरते, आणि व्रण एकदा सुरू झाला की ते पुरत नाही.

लेन्सच्या बाबतीत ओरखड्याचीही गरज नसते. डोळा उघडा असताना कॉर्निया हवेतून प्राणवायू घेते. झोपेत पापणी मिटली की तो मुळातच कमी होतो, आणि त्यावर लेन्स असेल तर आणखी घटतो. उघडझाप थांबल्याने लेन्समागचे अश्रू साचून राहतात, पृष्ठभागावरच्या पेशी कमकुवत होतात आणि जिवाणूंना चिकटायला निवांत जागा मिळते. ऑस्ट्रेलियात झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सॉफ्ट लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या दहा हजार जणांमागे वर्षाला सुमारे दोघांना असा संसर्ग झाला, तर लेन्स लावून झोपणाऱ्यांत सुमारे वीस जणांना. आकडा छोटा आहे हे खरे, पण एका सवयीने तो दहापट होतो. त्यात नळाच्या पाण्याची भर पडली की स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूला आयतीच वाट मिळते. हा जिवाणू सिंक, नळाचे तोंड, ओलसर डबी अशा ठिकाणी सुखाने राहतो, लेन्सच्या डबीत बुळबुळीत थर धरतो आणि कॉर्नियात शिरला की तिथले तंतू विरघळवणारी द्रव्ये सोडतो. त्यामुळे हा व्रण एक-दोन दिवसांत कॉर्निया अक्षरशः वितळवू शकतो. पाणी पालिकेचे आहे की फिल्टरचे, याने फरक पडत नाही. पिण्यासाठी शुद्ध असलेले पाणी निर्जंतुक नसते.

आता त्या मुलीकडे वळू. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर पाहताना तिच्या डोळ्यात फ्लुरेसिनची रंगीत पट्टी टेकवली आणि निळ्या उजेडात पाहिले. जिथला पेशींचा थर गेला होता ती जागा हिरवी चमकली. कॉर्नियाच्या मध्याजवळ, थोडा खाली, ३ मिलिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर रुंद असा व्रण होता, कडा भिजलेल्या कागदासारख्या मऊ पडलेल्या, वर हिरवट चिकट स्राव. आतल्या पाण्यात तळाशी पांढऱ्या पेशींचा एक मिलिमीटर उंचीचा थर साचला होता. या थराला पू म्हणतात, पण जिवाणूंच्या व्रणात त्यात बहुधा जिवाणू नसतात, ती शरीराची प्रतिक्रिया असते, म्हणून तो काढण्याची घाई करत नाहीत. उजव्या डोळ्याला तक्त्यावरचे फक्त सगळ्यात वरचे मोठे अक्षर दिसत होते, म्हणजे ६/६०. मेडिकलमधून आणलेली बाटली मी मागून घेतली. त्यात प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होते. दुसऱ्या दिवशी लाली का ओसरली, याचा उलगडा तिथेच झाला. स्टेरॉइडने सूज आणि लाली दबते, पांढऱ्या पेशींचा ओघ मंदावतो, आणि जिवाणूला मात्र कोणी अडवत नाही. रुग्णाला बरे वाटत असताना व्रण वाढत राहतो.

अशा वेळी थेंब लगेच सुरू करावेत, असे कोणालाही वाटेल. तरी आधी स्क्रेपिंग करायचे असते, म्हणजे व्रण खरवडून नमुना घ्यायचा. याला दहा मिनिटे लागतात आणि ती दहा मिनिटे वाचवू नयेत, कारण प्रतिजैविकाचे थेंब पडू लागले की नमुन्यातून जिवाणू उगवण्याची शक्यता घटते. कशाशी लढतो आहोत हे कळण्याची सर्वांत चांगली संधी पहिल्या थेंबाआधीची असते. तिच्या डोळ्यात दोन दिवस औषध पडलेच होते, तरीही नमुना घेणे योग्यच होते, कारण उत्तर मिळण्याची आशा कमी झाली होती, संपली नव्हती.

‘खरवडणे’ हा शब्द ऐकून तिची आई, जी सकाळीच साताऱ्याहून पोहोचली होती, खुर्चीतून उठलीच. “डॉक्टर, आधीच जखम आहे, ती आणखी का खरवडायची?” प्रश्न रास्त होता. मी सांगितले, “काकू, वरचा सडलेला भाग निघाला की औषध आत शिरतं, आणि तो भाग तपासला की कुठलं औषध घालायचं ते कळतं. डोळा बधिर करतो, तिला फक्त काहीतरी टेकल्यासारखं वाटेल.”

प्रोपॅराकेनचे थेंब घातले की अर्ध्या मिनिटात डोळा बधिर होतो. पापण्या स्प्रिंगने उघड्या ठेवल्या, वरचा सैल स्राव पुसून टाकला, कारण त्यात पापणीवरचे भलतेच जंतू असतात. मग १५ नंबरच्या निर्जंतुक ब्लेडने व्रणाची कड आणि तळ हलकेच खरवडला. कडेवर जिवाणू जास्त सापडतात, तळ पातळ झालेला असेल तर तिथे जोर लावायचा नसतो. नमुना कणभरच असतो, म्हणून दर वेळी नवा नमुना घेऊन एकेक गोष्ट करावी लागते. आधी काचेच्या दोन पट्ट्या, एक जिवाणूंचे दोन मोठे गट ओळखणाऱ्या ‘ग्रॅम’ नावाच्या रंगासाठी आणि एक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाखाली बुरशी शोधण्यासाठी. मग जिवाणू वाढवण्यासाठी ब्लड अगार आणि चॉकलेट अगारच्या ताटल्या, बुरशीसाठी साबुरो अगार, आणि नळाच्या पाण्याची हकिकत असल्यामुळे अकँथअमीबा या एकपेशीय जीवासाठीची वेगळी ताटली. अगारवर नमुना इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या ओळींत ओढतात. जे काही त्या ओळींवर उगवेल ते डोळ्यातले, आणि ओळीबाहेर उगवेल ते बहुधा हवेतून पडलेले, इतकी साधी ती युक्ती आहे.

अर्ध्या तासात ग्रॅम रंगाच्या पट्टीचे उत्तर आले: गुलाबी, बारीक दांडीसारखे जिवाणू, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह गटातले. बुरशीचे धागे किंवा अमीबा दिसले नाहीत. हे उत्तर वरवर छोटे, पण पुण्यासारख्या ठिकाणी मोलाचे आहे. आमच्याकडे पुरंदर, दौंड, बारामतीकडून येणाऱ्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांत उसाचे पाते किंवा कडब्याचा तुकडा लागून होणारे व्रण अनेकदा बुरशीचे असतात. तो व्रण पिसाऱ्यासारख्या कडांचा, कोरडा, संथ वाढणारा असतो असे पुस्तकात वाचायला मिळते, पण नुसत्या डोळ्यांनी केलेला हा अंदाज अनुभवी डॉक्टरांचाही चुकतो. बुरशीला प्रतिजैविक चालत नाही, तिथे नॅटामायसिन लागते. अमीबावर ही दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि उपचार महिनोन्‌महिने चालतो. नमुना न घेता सुरू केलेला उपचार चुकला, तर तो चुकला हे कळायलाच चार-पाच दिवस जातात.

मात्र प्रत्येक ठिपक्याला स्क्रेपिंग लागतेच असेही नाही. कडेला असलेला, दोन मिलिमीटरहून लहान, आतल्या पाण्यात पू नसलेला व्रण असेल तर मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखे तयार थेंब सुरू करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणे योग्य असते. मध्याजवळचा, मोठा, कॉर्निया वितळवणारा किंवा औषधाला दाद न देणारा व्रण असेल तर नमुना घेतलाच पाहिजे.

त्यानंतर थेंबांचा प्रश्न येतो, आणि इथेच घरी गेल्यावर सर्वाधिक गफलत होते. बाजारातला टोब्रामायसिनचा ड्रॉप ०.३ टक्के असतो. मोठ्या व्रणाला तो अपुरा पडतो, म्हणून रुग्णालयात निर्जंतुक पद्धतीने त्या ५ मिलिलिटरच्या बाटलीत ८० मिलिग्रॅमचे २ मिलिलिटर इंजेक्शन मिसळतात आणि त्याची तीव्रता सुमारे १.४ टक्क्यांवर जाते, म्हणजे साडेचारपटीच्या आसपास. सेफाझोलिनचा तयार ड्रॉप बाजारात मिळत नाही, म्हणून ५०० मिलिग्रॅमच्या कुपीत १० मिलिलिटर द्रव घालून तो ५ टक्क्यांचा बनवतात. पहिला ड्रॉप ग्रॅम निगेटिव्हसाठी आणि दुसरा ग्रॅम पॉझिटिव्हसाठी, असे दोन्ही एकत्र सुरू केले की ताटल्यांवर काय उगवते ते कळेपर्यंत दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात आणि सांगितलेल्या दिवसानंतर टाकून द्याव्या लागतात. घरी असे मिश्रण करण्याचा विचारही करू नये.

पहिल्या अर्ध्या तासात दर पाच मिनिटांनी एक थेंब, मग दिवस आणि रात्र दर तासाला, सलग ४८ तास. दोन बाटल्यांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर. रात्रभर कशाला, असे प्रत्येक जण विचारतो. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो आणि पापणीच्या खोबणीत फार तर ३० मायक्रोलिटर मावते, उरलेले गालावर ओघळते. जे आत राहते तेही अश्रू आणि उघडझापेमुळे काही मिनिटांतच नाकात वाहून जाते. कॉर्नियात शिरलेले थोडेसे औषधच काम करत राहते, तेही उतरत जाते. त्याची पातळी जिवाणू मरण्याइतकी टिकवायची असेल तर सतत भर घालावी लागते. रात्री सात तास थेंब चुकले तर स्यूडोमोनासला सात तासांची मोकळीक मिळते. दोन थेंब एकदम घातल्याने हे भरून निघत नाही, कारण दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो.

याबरोबर बाहुली मोठी करणारे होमाट्रोपिनचे थेंब दिवसातून तीन वेळा दिले. त्याने ठणका कमी होतो आणि बाहुलीभोवतीचा पडदा मागच्या भिंगाला चिकटत नाही. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही, हे दोनदा बजावले. पट्टीखाली डोळा उबदार आणि बंद राहतो, लेन्स लावून झोपण्यासारखीच स्थिती पुन्हा तयार होते, आणि दर तासाला थेंबही घालता येत नाहीत.

आईने एका शंभर पानी वहीत उभ्या दोन रेघा मारल्या. एकीवर ‘ट’, दुसरीवर ‘स’, डावीकडे तास. मोबाइलवर दर तासाचा गजर. दुसऱ्या सकाळी ती वही तिने माझ्यापुढे ठेवली तेव्हा रात्रीच्या प्रत्येक तासापुढे दोन खुणा होत्या, आणि पहाटे चारच्या ओळीत ‘स’ पुढे ‘गालावर पडला, पुन्हा घातला’ असे लिहिलेले. ती वही मी नंतर बऱ्याच रुग्णांना नमुना म्हणून सांगितली आहे.

त्या सकाळी व्रणाच्या आकारात काहीच फरक नव्हता, उलट भोवतीची सूज किंचित वाढलेली दिसत होती. घाबरायचे कारण नव्हते. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू औषधाने मरत असतानाही पहिल्या एक-दोन दिवसांत दाह वाढलेला दिसू शकतो. सुधारणा पांढरेपणावरून मोजायची नसते. ठणका कमी होतो, व्रणाची कड बोथट आणि स्पष्ट होते, तो पसरायचा थांबतो, पूचा थर खाली उतरतो, या क्रमाने ती दिसते. तिने स्वतःहून सांगितले की रात्री पहिल्यांदाच ठणका कमी होता. त्याच दिवशी ताटलीवर ‘सी’च्या ओळींवर हिरवट छटेच्या वसाहती उगवल्या होत्या, आणि झाकण उघडताच द्राक्षांसारखा गोडसर वास आला, जो स्यूडोमोनासची खूणच आहे. सेफाझोलिन या जिवाणूवर चालत नाही, म्हणून ते बंद केले. कोणते औषध लागू पडते याचा अहवाल आल्यावर टोब्रामायसिनच्या जोडीला सिप्रोफ्लॉक्सासिन दिले. नमुना घेतला नसता तर निरुपयोगी बाटली आणखी आठवडाभर चालली असती.

४८ तासांनंतर व्रणाची कड बोथट झाली आणि पू दिसेनासा झाला. मग रात्रीचे थेंब सुटले, दिवसा दर दोन तासांनी, पुढे चार तासांनी, असे हळूहळू कमी केले. हे तीव्र थेंब जिवाणूंबरोबर कॉर्नियाच्या नव्या पेशींनाही त्रास देतात, म्हणून जितके उशिरा सुरू करणे चूक, तितकेच गरजेपेक्षा जास्त दिवस चालू ठेवणेही चूक. ४८ तासांत सुधारणा नसती तर औषध बदलण्याआधी पुन्हा खरवडले असते, क्वचित काही तास औषध थांबवूनही. कॉर्नियाला बारीक छिद्र पडले तर विशेष गोंदाने ते बुजवता येते, मोठे छिद्र पडले किंवा व्रण कडेकडे धावत सुटला तर संसर्ग काढून टाकण्यासाठी घाईने कॉर्नियाचे प्रत्यारोपण करावे लागते.

वण कमी राहावा म्हणून नंतर स्टेरॉइड द्यावे का, यावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पाहण्यात आले. तिच्यातले बहुतेक रुग्ण भारतातलेच होते. जिवाणूंचा व्रण सिद्ध झालेल्या ५०० जणांना आधी ४८ तास प्रतिजैविक देऊन मग निम्म्यांना स्टेरॉइडचे थेंब दिले, तेव्हा तीन महिन्यांनंतरच्या नजरेत सरासरी फरक आढळला नाही. म्हणजे जिवाणू कोणता हे माहीत असताना आणि औषध सुरू होऊन दोन दिवस झाल्यावरही स्टेरॉइडने सर्वसाधारणपणे काही साधले नाही. मग मेडिकलच्या काउंटरवर, डोळा न तपासता ते देण्याला काय म्हणावे?

तीन महिन्यांनी तिच्या कॉर्नियावर मध्याच्या जरा खाली धुकट वण उरला आहे, चष्म्याने ६/१२ दिसते, आणि रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती वलय पडते, अशी तिची तक्रार आहे. पहिल्या दिवशी मी तिला घरून लेन्स आणि डबी तशीच, न धुता, आणायला सांगितले होते. डबीच्या उजव्या खणातला ओशट थर आम्ही वेगळ्या ताटलीवर लावला. दोन दिवसांनी तिच्यावरही त्याच हिरवट वसाहती होत्या, त्याच वासाच्या.